उरलेले आम्ल कोणत्या बाटलीत?

बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत बेसिनखाली ‘वेस्ट’ अशी चिठ्ठी लावलेली एक बाटली असते. प्रात्यक्षिक संपले की उरलेले सारे तिच्यात जाते. सुरक्षित विल्हेवाटीची कार्यपद्धती, म्हणजे एसओपी, लिहिताना पहिल्यांदा हीच बाटली हटवावी लागते. कारण आम्ल आणि सॉल्व्हंट एकाच प्रयोगात, एकाच टेबलावर तयार होतात.

बीएस्सीला नेहमी होणारे ॲसिटॅनिलाइडचे नायट्रेशन पाहू. विद्यार्थी दोन ग्रॅम ॲसिटॅनिलाइड ॲसिटिक आम्लात विरघळवतो, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालतो आणि बर्फात थंड ठेवून सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लाचे मिश्रण थेंबाथेंबाने सोडतो. मग सारे बर्फावर ओतून पिवळसर स्फटिक गाळतो. पुढे शुद्धीकरणासाठी तेच स्फटिक गरम इथेनॉलमध्ये विरघळवतो आणि थंड करून पुन्हा गाळतो. पहिल्या गाळणीखाली आम्ल राहते, दुसऱ्या गाळणीखाली अल्कोहोल. शिवाय शिक्षकांनी सर्वांसाठी एकत्र केलेल्या नायट्रेशन मिश्रणातले वीसेक मिलिलिटर तसेच उरते. हे संहत असते, आणि खरा धोका त्याचाच.

संहत नायट्रिक आम्ल आणि इथेनॉल किंवा ॲसिटोन एकत्र आले की लगेच काही घडेलच असे नाही. कधी काही मिनिटे, कधी काही तास बाटली शांत असते. मग ती कोमट होते, बुडबुडे येतात, तपकिरी धूर दिसतो, आणि झाकण घट्ट असेल तर वायूच्या दाबाने काच फुटते. तोपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लागलेले असू शकते. नायट्रिक आम्लाची रिकामी बाटली न धुता सॉल्व्हंट साठवायला वापरली तरी हेच होऊ शकते. ही सवय मात्र फार जुनी आहे. बाटली कोमट लागली किंवा धूर दिसला तर ती हलवू नये, झाकणाला हात लावू नये. खोली रिकामी करून जबाबदार शिक्षकांना कळवावे, हे एसओपीत ठळक अक्षरांत हवे.

म्हणून या प्रयोगाच्या एसओपीत दोन जागा नेमक्या लिहाव्या लागतात. पहिली, उरलेले मिश्रण. ते थेट कुठल्याही बाटलीत न ओतता भरपूर बर्फाच्या पाण्यात सावकाश ओतायचे (पाणी आम्लात कधीच नाही) आणि मग आम्लाच्या भांड्यात टाकायचे. दुसरी जागा गाळणीची. इथेनॉल घेण्यापूर्वी स्फटिक थंड पाण्याने इतके धुवायचे की खाली पडणाऱ्या थेंबाने निळा लिटमस लाल होऊ नये. नाहीतर आम्ल स्फटिकांबरोबर अल्कोहोलच्या बाटलीत पोहोचते. ‘स्फटिक धुवा’ एवढे प्रात्यक्षिकाच्या वहीत असतेच. लिटमसची अट बहुधा नसते.

आता उदासिनीकरण. प्रत्येक विद्यार्थ्यामागे साधारण ५ मिलिलिटर सल्फ्युरिक, १ मिलिलिटर नायट्रिक आणि २ मिलिलिटर ॲसिटिक आम्ल धरले, तर सुमारे २० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. वीस जणांच्या बॅचला ४०० ग्रॅम, आणि त्यातून शंभर लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यामुळे हे काम बाटलीत करायचे नाही. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बादली फ्यूम हूडमध्ये ठेवून, चमच्याचमच्याने सोडा घालत, फेस बसू देत करायचे. पीएच कागदावर सहा ते आठ आले आणि फसफसणे पूर्ण थांबले की मगच डब्यात भरून झाकण लावायचे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. पीएच सात झाला म्हणजे मोरीत ओतायला हरकत नाही, असे समजले जाते. पण द्रावणाचा पिवळेपणा तसाच असतो; विरघळलेले नायट्रो संयुग सोड्याने जात नाही. निव्वळ खनिज आम्ल असेल तर गोष्ट वेगळी. हे द्रावण मात्र वेगळ्या डब्यातच जमा करायला हवे.

डब्यावर फक्त ‘वेस्ट’ लिहून भागत नाही. आत काय आहे, अंदाजे किती, आणि पहिल्यांदा कधी ओतले, हे लिहावे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार साठवणुकीची साधारण मर्यादा ९० दिवसांची आहे आणि कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, आणि आम्लाचा व सॉल्व्हंटचा डबा वेगवेगळ्या ट्रेमध्ये.

प्रात्यक्षिक संपल्यावर बाटल्या प्रत्यक्ष हलवतात ते प्रयोगशाळा परिचर. एसओपीचा मसुदा विभागप्रमुखांच्या सहीपूर्वी त्यांनी वाचलेला असावा, तो मराठीत असावा आणि फाइलमध्ये न राहता बेसिनच्या वर लावलेला असावा.