‘पूर्ण शुद्धीवर, वाचा स्पष्ट’ : एका शेऱ्याची किंमत

ऊसतोडणीचा हंगाम संपला, की या मासिकाच्या टपालात एकाच स्वरूपाच्या तक्रारींची भर पडते, आणि या वेळी कोल्हार, बाभळेश्वर, लोणी, राहाता या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वाचकांनी ती अधिक तीव्रतेने मांडली आहे. डोक्याला मार लागलेला तरुण रुग्ण बरा होऊन घरी जातो, बोलतो, चालतो, जुने-नवे सारे आठवून सांगतो. पण काही महिन्यांत घरचे लोक ‘हा आमचा माणूसच राहिला नाही’ असे सांगत दवाखान्याच्या पायऱ्या झिजवू लागतात. अशा रुग्णाचा दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीचा अर्ज ‘चाळीस टक्क्यांपेक्षा कमी’ या शेऱ्यासह परत येतो, आणि त्या नकाराला आधार म्हणून डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ दाखवली जाते : रुग्ण पूर्ण शुद्धीवर, दिशाभान योग्य, वाचा स्पष्ट, हातापायांत कमजोरी नाही. ती ओळ याच मासिकाच्या वाचकांपैकी कोणीतरी लिहिलेली असते.

कोल्हार हे प्रवरेकाठचे गाव अहिल्यानगर–मनमाड महामार्गावर आहे, आणि या रस्त्यावर शिर्डीची वाहतूक, मालमोटारी, दुचाक्या आणि मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या एकाच वेळी धावत असतात. अंधारात थांबलेल्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर हेल्मेटविना दुचाकीस्वार आदळला, तर मार थेट कपाळावर बसतो. परंतु तो डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला तरी मेंदूच्या पुढच्या भागाची सुटका होतेच असे नाही. मेंदूचा पुढचा खंड, म्हणजे फ्रंटल लोब, डोळ्यांच्या खोबण्यांवरील हाडाच्या छतावर टेकलेला असतो, आणि ते छत कवटीच्या घुमटाच्या आतल्या पृष्ठभागासारखे गुळगुळीत नसून खडबडीत, उंचवट्यांचे असते. वेग एकाएकी थांबला की मेंदू त्यावरून घसरतो आणि खंडाचा खालचा भाग खरडला जाऊन तेथे रक्ताळलेल्या जखमा होतात. गंधाचे बारीक तंतू त्याच जागेतून जात असल्यामुळे ते अनेकदा त्याच झटक्यात तुटतात, आणि म्हणूनच ‘भाजी करपल्याचा वास याला येत नाही’ ही घरच्यांची साधी तक्रार पुढच्या खंडाच्या खालच्या भागाला इजा झाल्याची मोलाची खूण ठरू शकते. वाचेची आणि स्मृतीची मुख्य केंद्रे या जागेच्या बाहेर असल्याने ती अनेकदा शाबूत राहतात. बिघडते ते बेत आखणे, मोह आवरणे आणि परिणामांचा अंदाज घेऊन थांबणे.

या बिघाडाचे रूप समजण्यासाठी केवळ स्पष्टतेकरिता रचलेले एक उदाहरण घेणे सोयीचे होईल. चौतीस वर्षांचा, पाच एकर ऊस सांभाळणारा, बारावी शिकलेला शेतकरी अशा अपघातात सापडतो. दाखल होताना ग्लासगो कोमा मापन, म्हणजे शुद्धीची पंधरा गुणांची मोजणी, अकरा येते, सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या पुढच्या खंडांच्या तळाशी जखमा दिसतात, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही आणि बाराव्या दिवशी पंधरापैकी पंधरा गुणांवर त्याला घरी सोडले जाते. वर्षभरानंतर त्याला सोसायटीच्या कर्जाचा आकडा, मुलीची जन्मतारीख आणि अपघातापूर्वीचा उसाचा भाव अचूक सांगता येतो. मात्र पाण्याची पाळी आली हे ठाऊक असूनही तो मोटर सुरू करायला उठत नाही, आणि उठला तर वाटेत भेटलेल्याबरोबर चहाला जातो. खताचे पैसे घेऊन बाजारात गेला की पहिल्याच दुकानातला मोबाइल विकत घेतो. पाहुण्यांसमोर वहिनीची टिंगल करतो आणि कोणी रागावले तर ‘मी काय वाईट बोललो’ असे निर्विकारपणे विचारतो. आंघोळीचे कोणीतरी सांगावे लागते. सांगितले की तो लगेच करतो. या वागण्याला शास्त्रीय भाषेत अनुक्रमे नियोजनक्षमतेचा ऱ्हास, संयमलोप आणि प्रेरणाऱ्हास म्हणतात. गावात मात्र त्याला माज, आळस किंवा बाहेरची बाधा म्हणतात, आणि डॉक्टरांच्या कागदावर त्याला काहीच म्हटलेले नसते.

मानसिक आजाराखालील प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी स्वतःची निगा, आपसांतील संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देते आणि त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवते. दोन वर्षांहून कमी कालावधीला एक गुण मिळतो, आणि एकूण बेरीज आठ झाली, की चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडलेली असते. वरील शेतकऱ्याला मंडळासमोर एकट्याला बसवून विचारले, तर तो स्वच्छ कपड्यांत, हसतमुखाने, ‘घरी सगळे ठीक आहे, शेती बघतो’ असे उत्तर देतो आणि ते मनापासून देतो, कारण स्वतःतला बदल न उमगणे हाही या इजेचाच भाग असतो. मग निगेला शून्य, संबंधांना शून्य, संवादाला शून्य, कामाला एक आणि कालावधीला एक, असे मिळून दोन गुण होतात. त्याच वेळी पत्नीला वेगळे बसवून विचारले, तर निगा एक, संबंध तीन, संवाद शून्य, काम तीन आणि कालावधी एक, अशी आठ गुणांची बेरीज होते. माणूस तोच, पट्टी तीच, दिवसही तोच. फरक फक्त खुर्चीवर कोणाला बसवले याचा. ही पट्टी काळजी घेणाऱ्याकडून माहिती घेऊनच भरायची असते, हे अनेक तपासणी टेबलांवर विसरले जाते, आणि गर्दी असल्याचे कारण त्यावर पांघरूण म्हणून घातले जाते.

त्याही आधीचा विनोद म्हणजे असा रुग्ण कोणत्या टेबलावर न्यावा याचेच उत्तर मिळत नाही. अस्थिविभाग हातपाय शाबूत म्हणून परत पाठवतो, चेतासंस्थेच्या टेबलावर लकवा शोधला जातो आणि मनोविकाराच्या टेबलावर ‘हा तर अपघाताचा रुग्ण’ असे ऐकवले जाते. वास्तविक 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मानसिक आजाराची व्याख्या निर्णयशक्ती आणि वर्तन यांना गंभीर बाधा आणणाऱ्या विकाराची आहे, तो विकार डोक्याच्या इजेतून आला म्हणून ती त्याला वगळत नाही, आणि आयसीडी-10 मध्ये मेंदूच्या इजेनंतरच्या स्वभावबदलाला F07.0 हा स्वतंत्र क्रमांकही आहे. हे निदान कागदावर नसल्यामुळेच रुग्ण टेबलांमध्ये हेलपाटे घालतो.

खोलीतल्या तपासणीत ही इजा का लपते, याचे उत्तर 1985 मध्ये एस्लिंगर आणि दामासिओ यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ईव्हीआर’ या रुग्णाच्या वृत्तांतात मिळते. पुढच्या खंडांच्या तळाशी वाढलेल्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या या हिशेबनिसाची बुद्धिमत्ता नंतरही सर्वसामान्यांपेक्षा बरीच वरची होती आणि पुढच्या खंडाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचण्याही त्याने नीट सोडवल्या. तरीही त्याने संशयास्पद माणसाबरोबर भागीदारी करून दिवाळे काढले, नोकऱ्या गमावल्या, संसार मोडला, आणि कोणत्या उपाहारगृहात जेवायचे हे ठरवण्यात त्याचे तास जात. चाचणीच्या टेबलावर प्रश्न दुसरा विचारतो, सुरुवात दुसरा करून देतो, वेळ दुसरा मोजतो आणि लक्ष विचलित करणारे सारे दाराबाहेर ठेवलेले असते. म्हणजेच रुग्णाच्या पुढच्या खंडाचे काम तपासणारा नकळत स्वतः करत असतो. म्हणून स्मृती आणि दिशाभान तपासणाऱ्या तीस गुणांच्या नेहमीच्या चाचणीत तीसपैकी एकोणतीस मिळाले, तर त्यावरून पुढचा खंड शाबूत आहे असे मुळीच म्हणता येत नाही.

द्यूबुआ आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मांडलेली अठरा गुणांची ‘फ्रंटल असेसमेंट बॅटरी’ दहा मिनिटांत होते, आणि तिच्यात मूठ, तळहाताची कड व उघडा तळवा यांची ओळीने पुनरावृत्ती, तसेच ‘दोनदा टिचकी मारली तर हात हलवू नका’ अशी आवर घालण्याची कसोटी असते. तीही अंतिम शब्द नव्हे, कारण तळाकडची इजा असलेला रुग्ण तिच्यात उत्तम गुण मिळवू शकतो; आणि एका अक्षरापासूनचे शब्द मिनिटभर सांगण्याच्या भागात चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे गुण शिक्षणामुळे घसरू शकतात. चाचणीचा आकडा आणि घरच्यांची साक्ष यांत तफावत असेल, तर तफावतीची नोंद करणे हेच प्रामाणिक निदान होय.

मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणातही डिस्चार्ज कार्डावरची तीच ओळ रुग्णावर उलटते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जखमी माणूस अपघातापूर्वी काय काम करत होता व आता काय करू शकतो हे पाहून न्यायाधिकरणाने हानी ठरवावी, असे स्पष्ट केले आहे. हा निकाल या रुग्णांसाठी अत्यंत अनुकूल आहे. पण उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने डिस्चार्ज कार्ड पुढे केले आणि त्यावर वर्तनाबद्दल अक्षरही नसले, तर वर्षभरानंतर दिलेली डॉक्टरची तोंडी साक्ष पश्चातबुद्धी ठरते.

अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे आणि तो दोष त्यांच्या वाट्याला येतोही. परंतु मंडळ कागद पाहते, आणि कागद याच व्यवसायातील लोक लिहितात. ‘स्वभावात थोडा चिडचिडेपणा, काळाने सुधारेल’ असे सांगून झोपेची गोळी लिहून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सुधारणा बरीचशी पहिल्या वर्षात होते आणि नंतरचा वेग मंदावतो, आणि झोपेच्या काही गोळ्या आधीच ढिला पडलेला संयम आणखी ढिला करू शकतात.

म्हणून वाचकांना आवाहन आहे, की पुढच्या हंगामाच्या पहिल्या रुग्णापासून डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहाव्यात : दाखल होतानाची शुद्धीची मोजणी आणि अपघातानंतर सलग आठवण पुन्हा सुरू व्हायला लागलेले दिवस, स्कॅनमध्ये दिसलेल्या जखमेची नेमकी जागा, कॉफी किंवा साबण हुंगायला देऊन, प्रत्येक नाकपुडी वेगळी तपासून घेतलेली गंधाची नोंद, आणि ‘हातपाय व वाचा ठीक, वर्तन व निर्णयक्षमता यांची तपासणी बाकी’ हे वाक्य. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रुग्णाला बोलवावे, त्याच्या घरच्या माणसाला त्याच्याविना बसवून पैसा, काम, राग आणि लाज या चारही बाबींतले एक-एक घडलेले उदाहरण तारखेसह केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि बारा महिन्यांनी बदल टिकून असेल तर F07.0 असे निदान स्पष्ट लिहून रुग्णाला मनोविकाराच्या टेबलाकडे पाठवावे. या कामाला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही आणि कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. वीस मिनिटे आणि शाई लागते, आणि ती खर्च केली नाही तर त्या घराचा नाकारलेला अर्ज मंडळाने नव्हे, तर डॉक्टरनेच नाकारलेला असतो.