घरच्यांना कळेल अशी बाजाराची बातमी

झाशीच्या बडा बाजारात कोणी ‘बाजार पडला’ म्हटले की समोरचा दुकानदार आधी विचारतो, ‘कशाचा? डाळीचा, कापडाचा की सोन्याचा?’ मग विचारतो, ‘कितीला होता आणि कितीला आला?’ आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र ‘शेअर बाजार कोसळला, 31 लाख कोटी बुडाले’ असा मेसेज आला की हे प्रश्न कोणी विचारत नाही. काकांची बँकेत एफडी आहे, आत्याने म्युच्युअल फंडात थोडे पैसे ठेवले आहेत, आजीची पोस्टात बचत आहे. घाबरतात मात्र तिघेही सारखेच.

तुमच्याही घरी बाजाराची बातमी सोपी करून सांगणारे कोणी असेल, कदाचित तुम्हीच असाल. असा मेसेज कसा लिहायचा, ते एका खऱ्या दिवसावरून पाहू. तो दिवस म्हणजे 4 जून 2024, लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीचा मंगळवार.

आधी बाजार बंद होऊ द्या

त्या दिवशी दुपारी सेन्सेक्स 6,000 अंकांहून अधिक खाली गेला होता. त्याच वेळी मेसेज धडाधड पुढे पाठवले गेले. बाजार साडेतीन वाजता बंद झाला तेव्हा घट 4,390 अंकांची होती. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दिवसाचा हिशेब शेवटच्या आकड्यावरच होतो. म्हणून मेसेज चारनंतर लिहा. दुपारी कोणी विचारले तर ‘अजून चालू आहे, संध्याकाळी सांगते’ इतकेच उत्तर पुरे.

अंक नको, शंभर रुपये सांगा

4,390 हा आकडा ऐकून घरातले लोक दचकतात, कारण तो कशातून वजा झाला ते त्यांना माहीत नसते. सोमवारी सेन्सेक्स 76,469 वर बंद झाला होता, मंगळवारी 72,079 वर. म्हणजे घट 5.74 टक्के. घरच्या भाषेत, काल संध्याकाळचे 100 रुपये आज सव्वाचौऱ्याण्णव झाले.

अंक किती फसवतात ते पाहा. कोरोनाच्या काळात, 23 मार्च 2020 रोजी, सेन्सेक्स सुमारे 3,935 अंक पडला होता. अंक कमी होते, पण तेव्हा सेन्सेक्सच 30,000 च्या आसपास होता. त्यामुळे ती घट 13 टक्क्यांहून जास्त होती, म्हणजे मतमोजणीच्या दिवसाच्या दुपटीहून मोठी.

दोन पावले मागे जाऊन पाहा

एका दिवसाची घट एकटी सांगितली की चित्र अर्धवट राहते. 1 जूनच्या शनिवारी संध्याकाळी आलेल्या एक्झिट पोलने सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत दाखवले होते. त्या आशेवर सोमवारी सेन्सेक्स एकदम 2,507 अंक चढला. मंगळवारी भाजपच्या स्वतःच्या जागा बहुमताच्या 272 पर्यंत न जाता 240 वर थांबल्या आणि बाजार उतरला. शुक्रवारी सेन्सेक्स 73,961 होता. शुक्रवारचे 100 रुपये धरले तर सोमवारी ते 103 रुपये 39 पैसे झाले आणि मंगळवारी 97 रुपये 45 पैसे. म्हणजे घटीतला मोठा भाग सोमवारच्याच फुगवट्याचा होता. वर्षभरापूर्वी हाच सेन्सेक्स साडेबासष्ट हजारांच्या आसपास होता.

‘लाख कोटी बुडाले’ म्हणजे काय?

बाजारात नोंदलेल्या सगळ्या शेअरना त्या दिवसाच्या भावाने गुणायचे आणि कालच्या बेरजेतून वजा करायचे, असा हा आकडा निघतो. सोन्याचा भाव उतरला की कपाटातल्या बांगड्यांची किंमत कमी होते, वजन नाही. हेही तसेच आहे. किंमत खरोखर कमी झालेली असते, त्यामुळे ‘काहीच झाले नाही’ असे म्हणू नये. पण तोटा पदरात पडतो तो विकणाऱ्याच्या.

कोणाला लागू आणि कोणाला नाही?

मेसेजमधले सगळ्यात कामाचे वाक्य हेच. त्या दिवशी स्टेट बँकेचा शेअर सेन्सेक्सपेक्षा बराच जास्त पडला. ते ऐकून काकांनी विचारले, ‘माझ्या एफडीचे काय?’ शेअर म्हणजे बँकेच्या मालकीचा वाटा. एफडी म्हणजे आपण बँकेला ठरलेल्या व्याजाने दिलेले पैसे. शेअरचा भाव पडल्याने एफडीची रक्कम किंवा ठरलेले व्याज बदलत नाही. पोस्टातील बचतीचेही तसेच.

आत्याचे मात्र वेगळे आहे. समजा, तिचे 50,000 रुपये सेन्सेक्सच्या चालीने चालणाऱ्या फंडात आहेत. मंगळवारची घट साधारण 2,870 रुपयांची. पण फंडाचा त्या दिवसाचा भाव, म्हणजे एनएव्ही, रात्री उशिरा जाहीर होतो. संध्याकाळी मोबाइलवर सोमवारचाच चढा आकडा दिसतो. ‘माझे तर काहीच कमी झाले नाही’ म्हणून ती निश्चिंत होते आणि सकाळी दचकते. हे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. अशा शेअरच्या फंडातून पैसे काढण्याचा अर्ज दुपारी तीननंतर केला, तर त्या दिवसाचा भाव मिळतच नाही, पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा मिळतो. म्हणजे संध्याकाळी बातमी वाचून घाईने काढायला जाणारा आजच्या भावाने नाही, उद्याच्या अनोळखी भावाने विकत असतो.

आता मेसेज लिहू

‘आज, 4 जून, शेअर बाजार बराच पडला. कालचे 100 रुपये आज सव्वाचौऱ्याण्णव झाले. शुक्रवारशी तुलना केली तर घट अडीच टक्क्यांची आहे. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला, हे मुख्य कारण. काका, तुमच्या एफडीला आणि आजी, तुझ्या पोस्टातल्या पैशांना काहीही झालेले नाही. आत्या, तुझ्या फंडाचा आजचा आकडा रात्री उशिरा येईल. 50,000 मागे साधारण 2,900 कमी दिसतील. आज रात्री कोणी काही करायची गरज नाही. उद्या काय होईल ते मला सांगता येणार नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. त्या आठवड्यात शुक्रवारी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्याही वर. म्हणून ‘तीन दिवसांत सगळे भरून येते’ असे कोणी सांगू लागले, तर त्यांना 2008 सालाची आठवण करून द्या. त्या वर्षी जानेवारीत 21,000 ला टेकलेला सेन्सेक्स पुन्हा त्या पातळीला आला तो 2010 च्या नोव्हेंबरात. आत्याला ते पैसे पुढच्या वर्षी घरातल्या लग्नासाठी लागणार असतील, तर ते बाजारात असावेत का, हे जरूर बोलावे. पण ते बाजार शांत असताना, समोर बसून बोलावे. पडझडीच्या संध्याकाळी ग्रुपवर नको.