२६.७ ग्रॅमचा घोटाळा

गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्कशीटचे गठ्ठे तपासत होतो. लिमिटिंग रीएजंटच्या पहिल्या गणितात २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन दिला होता. जवळजवळ सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं, हायड्रोजन. मी खूश. मग एका मुलाला सहज विचारलं, कसं काढलंस? तो म्हणाला, "सर, चारच ग्रॅम आहे ना. जो कमी, तो आधी संपणार."

चूक त्याची नव्हती, माझी होती. मोल न काढता, समीकरणाकडे ढुंकूनही न बघता त्याला पूर्ण गुण मिळतील, असे आकडे मीच दिले होते. नुसत्या ग्रॅमवर नजर टाकून सुटतं ते गणित मोल संकल्पनेचं नव्हेच.

म्हणून दुसऱ्या वर्कशीटला आकडे मुद्दाम वाकडे घेतले. अभिक्रिया साधीच:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃

५.४ ग्रॅम ॲल्युमिनियम, १७.७५ ग्रॅम क्लोरीन. प्रत्यक्षात हाती आलं १७.८ ग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड. उत्पादनाची टक्केवारी काढा.

ॲल्युमिनियमचं मोलर वस्तुमान २७, म्हणजे ते ०.२ मोल. क्लोरीन वायू रेणूरूपात असतो, म्हणून ३५.५ नव्हे, ७१. तो भरतो ०.२५ मोल. आता समीकरण काय म्हणतं? दोन मोल ॲल्युमिनियमला तीन मोल क्लोरीन लागतो, म्हणजे ०.२ मोलला ०.३. आपल्याजवळ पाव मोलच आहे. तेव्हा आधी संपणार क्लोरीन. तो ग्रॅममध्येही जास्त आणि मोलमध्येही जास्त, तरीही! ०.२५ मोल क्लोरीनपासून त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ०.१६६७ मोल क्लोराइड मिळेल. १३३.५ ने गुणलं की २२.२५ ग्रॅम. त्यातले १७.८ हाती आले, म्हणजे बरोब्बर ८० टक्के.

वर्गात मात्र २६.७ ग्रॅम आणि ६६.७ टक्के या उत्तराचा पाऊस पडला. गंमत अशी, की तिथवर पोचायच्या वाटा तीन होत्या. कुणी ग्रॅम कमी म्हणून ॲल्युमिनियम धरलं. कुणी मोल काढले खरे, पण ०.२ आणि ०.२५ यांचीच तुलना केली. समीकरणातले २ आणि ३ शोभेला राहिले. आणि कुणी क्लोरीनचं वस्तुमान ३५.५ घेतलं, त्यामुळे क्लोरीन अर्धा मोल झाला आणि ॲल्युमिनियम अपुरं ठरलं. तीन वेगवेगळे आजार आणि ताप एकच. नुसतं शेवटचं उत्तर बघून लाल फुली मारणाऱ्या मास्तराला यातलं काही कळणार नाही.

त्यावर मी एकच ओळ वाढवली: जे उरलं, ते किती ग्रॅम उरलं?

पहिल्या दोन वाटांनी आलेल्यांचं लगेच अडलं. ०.२ मोल ॲल्युमिनियम पूर्ण संपायला २१.३ ग्रॅम क्लोरीन हवा आणि भांड्यात १७.७५ च, उरलेलं उणे येतं. एका मुलीने उणे खोडून अधिक केलं, तेही प्रामाणिकपणे एकाच रेघेने. ३५.५ वाल्यांचा मात्र ७.१ ग्रॅम क्लोरीन सुखरूप उरला. त्यांना मी वजनांची बेरीज करायला लावली. भांड्यात घातलं ५.४ आणि १७.७५, एकूण २३.१५ ग्रॅम. बाहेर आलं २६.७ आणि वर ७.१. वाण्याच्या दुकानातही असा हिशेब खपत नाही. बरोबर उत्तराची बेरीज अशी: क्लोराइड २२.२५, उरलेलं ॲल्युमिनियम ०.९. जुळलं.

टक्केवारीबद्दल एक राहिलं. मुलांच्या डोक्यात शंभराच्या वर गेलं की गणित चुकलं, एवढंच असतं. कागदावर ते खरं, प्रयोगशाळेत नेहमीच नाही. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून ॲस्पिरिन जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम मिळू शकतं. गाळणकागदावरचं ओलं ॲस्पिरिन तसंच तोललं आणि २.९ भरलं, तर उत्तर १११ टक्के. इथे गणित निर्दोष असतं. तोललं गेलेलं पाणी असतं. वाळवून पुन्हा तोलायचं, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. तरीही पांढऱ्या पुडीत न बदललेलं सॅलिसिलिक आम्ल असू शकतंच. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला आणि जांभळा रंग आला, तर टक्केवारीतला काही भाग उसना आहे असं समजावं.

पुढच्या वर्कशीटमध्ये तो १११ चा आकडा मी तसाच छापणार आहे, आणि खाली विचारणार आहे: हा आकडा आणणारा मुलगा काय विसरला?