पिल्लू घरी नेण्याआधी

आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे मांजर व्यायली. चार पिल्ले. दोन दिवसांत ही बातमी सातवीच्या वर्गात पोहोचली आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चिठ्ठ्याही तयार झाल्या. ज्याचे नाव निघेल, त्याने पिल्लू घरी न्यायचे. चिठ्ठ्यांचा डबा आमच्यासमोर आणून मुले म्हणाली, ‘‘सर, तुम्हीच काढा ना!’’

गेल्या वर्षी असेच एक पिल्लू एका मुलाला आम्हीच ‘‘घेऊन जा’’ म्हटले होते. पुढे काय झाले, ते आम्हाला ठाऊक होते. म्हणून डबा टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी मराठीच्या तासाला वर्गाशी जे बोललो, ते येथे देत आहोत. घरोघरी अम्मी-अब्बूंनाही ते उपयोगी पडेल.

‘‘मुलांनो, आधी एक गणित करू. तुमचं वय बारा. घरात राहणारी, नीट सांभाळलेली मांजर साधारण बारा ते पंधरा वर्षं जगते. काही तर अठरा वर्षंही काढतात. आपण पंधरा धरू. म्हणजे मांजर म्हातारी होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? बरोबर, सत्तावीस. मधल्या काळात तुमची दहावी होईल, बारावी किंवा आयटीआय होईल. कुणी चाकणच्या कंपनीत लागेल, कुणी शिकायला दुसऱ्या गावी जाईल, कुणाचं लग्नही होईल. तेवढी सगळी वर्षं तिची वाटी रोज कुणीतरी भरायची आहे. ते कोण भरणार, हे आज ठरवायचं आहे.

‘‘आता दुसरं गणित. चार किलो वजनाच्या मांजरीला दुकानातलं कोरडं खाद्य दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम लागतं. पंचावन्न धरा आणि ३६५ नं गुणा. वीस किलोच्या थोडं वर येतं. पंधरा वर्षांचं झालं तीनशे किलो. तुम्ही म्हणाल, आम्ही दूध देऊ. पण बहुतेक मोठ्या मांजरींना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. लहान पिल्लालाही ते मानवत नाही. आपलं सालन तर अजिबात नको, कारण त्यातला कांदा-लसूण मांजरीच्या रक्ताला घातक असतो. उकडलेली कोंबडी हाडं काढून द्या, हवं तर. पण तीसुद्धा विकतच आणावी लागते.

‘‘आणि पिल्लू आज उचलायचंच नाही. निदान आठ आठवडे ते आईजवळ राहिलं पाहिजे. त्यानंतर तीन रोगांची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी तिचाच दुसरा डोस आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. मांजरी असेल तर पाच-सहा महिन्यांत ती वयात येते. नऊ आठवड्यांत व्याते. आज एक पिल्लू नेलं, तर वर्षाच्या आत घरात पाच होऊ शकतात. म्हणून डॉक्टर नसबंदी सुचवतात. याबद्दल कुणाच्या मनात शंका असेल, तर घरच्यांनी आधी आलिमांना विचारून घ्यावं. पण विचार पिल्लू आणण्याआधी करावा, पिल्लं झाल्यावर नको.

‘‘आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. आपल्या शाळेतला एक मुलगा पिल्लू घेऊन गेला. त्याचे अब्बू कंत्राटी कामगार होते, खराबवाडीला भाड्याच्या खोलीत राहत होते. त्यानं मनापासून सांभाळलं. आठ महिन्यांनी कंत्राट संपलं आणि कुटुंब मोशीला राहायला गेलं. नव्या घरमालकाला जनावर नको होतं. मग मांजर जुन्या चाळीतच ‘मोकळी सोडली’. आम्ही पंधरा दिवसांनी तिकडून जात होतो. ती त्याच बंद दारासमोर बसलेली होती. पोट पाठीला लागलं होतं. शेजारच्या खाला कधी भात टाकत, कधी नाही. महिन्याभरानं ती दिसेनाशी झाली.

‘‘चूक त्या मुलाची नव्हती. चूक आमची होती. ‘घर स्वतःचं आहे का, अब्बूंचं काम कायम आहे का, घरमालक काय म्हणतो,’ यातलं काहीच आम्ही विचारलं नव्हतं.

‘‘पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांची एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली. खायला दिलं नाही आणि स्वतः शोधून खावं म्हणून सोडलंही नाही. ती मेली आणि त्या बाईला त्याची शिक्षा झाली. यात दोन वाटा सांगितल्या आहेत, नीट बघा. सांभाळा, नाहीतर तिला तिचं शोधून खाऊ द्या. पण लहानपणापासून घरात वाढलेली मांजर दारं बंद करून मागं ठेवली, तर ते मोकळं सोडणं होतं का? तिला आपली वाटी सोडून दुसरं काही ठाऊकच नसतं. दोन्ही वाटा आपण बंद केलेल्या असतात. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा गुन्हा आहे.

‘‘मग घर बदलावंच लागलं तर? मांजर सोबत न्यायची. झाकणाची टोपली किंवा जाळीचा पिंजरा घ्यायचा. नव्या घरी आधी एकाच खोलीत ठेवायची, तिचं जुनं अंथरूण, वाटी आणि मातीचा ट्रे तिथंच. मांजर माणसाइतकीच जागेला धरून असते. लगेच बाहेर सोडली तर जुन्या घराच्या दिशेनं निघते आणि हायवेवर गाडीखाली येते. दोन-तीन आठवडे दार सांभाळायचं. कोपऱ्यात दडून पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, तर डॉक्टरकडं न्यायची. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर तिच्या यकृतावर चरबी चढते आणि ती दगावू शकते. ईदला गावी जाताना तोच प्रश्न. चार दिवसांचं खाणं एकदम वाटीत ओतून कुलूप लावायचं नाही. रोज येऊन पाणी बदलणारा माणूस आधी ठरवायचा.’’

वर्ग शांत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, मग नाही नेलं तर पाप लागेल का?’’

आम्ही म्हटले, ‘‘नाही, बेटा. पिल्लं आईजवळ आहेत, टाकीखाली सावली आहे, शाळेत उंदीर आहेत. रोज स्वच्छ पाणी ठेवलंस तरी ते सवाबाचं काम आहे. न नेण्यात पाप नाही. नेऊन टाकण्यात आहे.’’

मग चिठ्ठ्यांऐवजी एक कागद दिला. त्यावर चार प्रश्न होते. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी आहे का? तुम्ही शिकायला गेल्यावर मांजर कोण सांभाळेल, त्याचे नाव? लस आणि खाद्याचा खर्च कोण देईल? खाली अम्मी आणि अब्बू, दोघांच्या सह्या.

डब्यात एकोणीस चिठ्ठ्या होत्या. सह्यांचे कागद आले तीन. त्यातल्या एकावर तिसऱ्या प्रश्नापुढे दादीचे नाव होते. आम्ही त्या घरी जाऊन आलो. दादींचे वय बहात्तर. त्यांनीच हसत सांगितले, ‘‘पंधरा वर्षांचा वादा मी कसा करू, सर?’’ तो कागद मुलाने स्वतःच परत घेतला.

आठ आठवडे झाल्यावर दोन पिल्ले दोन घरी गेली. उरलेली दोन टाकीमागेच आहेत. सातवीचे एक-एक मूल पाळीने त्यांचे पाणी बदलते. सुट्टीत कोण बदलणार, याची यादी फळ्याशेजारी लावली आहे.