ग्रामसभेत दहा मिनिटे द्या : आपल्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

माननीय सरपंचताई, ग्रामपंचायत अधिकारी आणि सर्व सदस्य यांस,



येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘ऑनलाइन अर्ज आणि दलाल’ हा विषय घ्यावा आणि त्यावर दहा मिनिटे बोलू द्यावे, ही विनंती. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसे कशी धावतात, ते रोज पाहते. तहसीलच्या आवारात ‘दोन दिवसांत काढून देतो’ म्हणणारा एक तरी माणूस उभा असतो. तो पाचशे मागतो, घाई दिसली की हजार मागतो. ज्यांना हे पैसे परवडत नाहीत, नेमके तेच देतात.

ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे हे आधी वाचले जावे. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांची शिष्यवृत्ती हे सगळे घरात बायकाच सांभाळतात. ग्रामसभेत मात्र त्या मागे बसतात आणि शंका मनातच ठेवतात. बोलायचे ते खाली लिहून देत आहे, म्हणजे त्यात काय आहे ते आपल्याला आधी पाहता येईल.

मंडळी, आज मी मुख्यतः एकाच कागदाबद्दल बोलणार आहे : उत्पन्नाचा दाखला. तो नीट काढता आला की रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांची वाटही कळते.

सुरुवात मोबाइल नंबरापासून करू. आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे, हे घरी जाऊन बघा. कितीतरी घरांत तो जुना, बंद पडलेला नंबर असतो. कधी पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो, तर कधी पूर्वी फॉर्म भरून दिलेल्या माणसाचा. ओटीपी ज्याच्या फोनवर जातो, त्याच्या हातात तुमचा अर्ज असतो. तो नंतर दुसऱ्या कामासाठीही तुमच्याकडे पैसे मागू शकतो, कारण त्याच्याशिवाय तुमचे पानच उघडत नाही. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. नंबर बदलायला ७५ रुपये लागतात, त्याची पावती मिळते. शंका असेल तर १९४७ या नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येते.

आता दाखला. फोनवर aaplesarkar.mahaonline.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर शोधलेत तर पहिल्या दोन-तीन ओळी जाहिरातीच्या असू शकतात आणि तिथे सरकारी रंगातली खासगी पाने भेटतात. पत्ता ओळखायची रीत सोपी आहे. सुरुवातीचे https:// सोडून पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधीची अक्षरे बघा, शेवटी .gov.in असायला हवे, gov च्या आधी टिंब असलेच पाहिजे. काही जुन्या सरकारी पानांना .nic.in असते. gov हा शब्द मध्येच कुठे असेल, त्याला आडवी रेघ जोडलेली असेल आणि शेवट .com किंवा .online असा असेल, तर ते पान बंद करा.

पहिल्यांदा नोंदणी करावी लागते. मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, मग स्वतःचे युजरनेम आणि पासवर्ड ठरवायचा. दोन्ही वहीत लिहा आणि वही घरी ठेवा. अर्ज माझ्या केंद्रावर भरलात तरी नंबर तुमचाच टाकायला सांगा. मी किंवा दुसऱ्या कोणी ‘माझा टाकते, सोपे पडेल’ म्हटले तर ऐकू नका.

पुढे बरेच जण कागद अपलोड करताना अडतात आणि कंटाळून दलालाकडे जातात. अडचण कागदाची नसते, फाइलच्या आकाराची असते. या पानावर फोटो ५ ते २० केबीचा लागतो आणि कागदपत्रे ७५ ते ५०० केबीची. फोनने काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून पान तो नाकारते. फोटो काढून त्याचा आकार कमी केला की तो लगेच चढतो. घरातल्या बारावीच्या पोराला हे पाच मिनिटांत जमते. नाही जमले तर केंद्रावर या. त्यासाठी हजार रुपये मोजू नका.

जोडायला ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र लागते. नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगाराचा कागद, शेती-मजुरी असेल तर तलाठ्याचा अहवाल. स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते, हे पक्के लक्षात ठेवा. दलाल म्हणतो, ‘उत्पन्न कमी दाखवू, काम लवकर होईल.’ त्या कागदावर त्याचे नाव कुठेच नसते. पडताळणीत खोटे निघाले तर शिष्यवृत्ती परत मागतात आणि गुन्हा सही करणाऱ्यावर दाखल होऊ शकतो. भरलेला आकडा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, मगच ‘सबमिट’ होऊ द्या.

एक अनुभव इथे आठवा. २०२५ च्या शेवटी लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी झाले. त्यात कुटुंबातले कोणी सरकारी नोकरीत ‘नाही’ अशा अर्थाचे वाक्य होते आणि खाली होय किंवा नाही निवडायचे होते. आपल्या घरात कोणी नोकरीत नाही, म्हणून कितीतरी बायकांनी, किंवा त्यांच्या वतीने भरणाऱ्यांनी, ‘नाही’ दाबले. त्याचा अर्थ उलटा झाला आणि हप्ता अडकला. नंतर अंगणवाडी सेविकांमार्फत पडताळणी करायची वेळ आली. ते वाक्य एकदा शांतपणे वाचून घेतले असते तर बऱ्याच जणींचा त्रास वाचला असता.

पैसे भरले की पावती येते. तिच्यावर अर्ज क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख असते. उत्पन्नाच्या दाखल्याचे शुल्क शंभर रुपयांच्या आत आहे. पावतीवर जेवढी रक्कम आहे तेवढीच द्यायची. जास्त मागितले तर ‘पावतीवर लिहून द्या’ एवढेच म्हणा.

पावतीवरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला, आणि त्याखाली हा दाखला द्यायची मुदत पंधरा दिवसांची आहे. समजा, दोन जूनला अर्ज केला. सतरा जूनपर्यंत दाखला मिळायला हवा, नाहीतर नाकारल्याचे कारण लेखी मिळायला हवे. अर्ज कुठे आहे ते अर्ज क्रमांक टाकून त्याच पानावर दिसते. पुष्कळदा अर्ज त्रुटीसाठी परत आलेला असतो, एखादा कागद पुसट असतो किंवा सही राहिलेली असते. ज्याच्या फोनवर तो निरोप गेला त्याने तो पाहिलाच नाही, तर आपण तहसीलला शिव्या देत बसतो. मुदत टळली किंवा कारण पटले नाही तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा. तिथे दाद नाही मिळाली तर दुसरे अपील आहे आणि त्याच्याही वर राज्य सेवा हक्क आयोग आहे. योग्य कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणाऱ्या माणसाने या कायद्याबद्दल तुम्हाला कधी सांगितले आहे का?

‘दोन दिवसांत’ देणारा कधी कधी खरोखरच दोन दिवसांत कागद आणून देतो. तेव्हा जास्त सावध व्हा. दाखल्यावर डिजिटल सही आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक त्याच सरकारी पानावर टाकून दाखला खरा आहे का ते बघता येते. क्रमांक सापडला नाही, किंवा भलत्याच माणसाचे नाव निघाले, तर तो कागद संगणकावर बनवलेला आहे. कॉलेजने असा दाखला पकडला तर प्रवेश तुमच्या मुलीचा जातो.

फोनवर येणाऱ्या लिंकांचेही बोलायला हवे. ‘पीएम किसानचा हप्ता थांबला, हे अॅप टाका’ असा व्हॉट्सअॅप निरोप येतो आणि सोबत .apk अशा शेवटाची फाइल असते. ती टाकली आणि परवानग्या दिल्या की आपले मेसेज, म्हणजे बँकेचे ओटीपी, चोराला वाचता येतात. फाइल ओळखीच्या गटातून आली म्हणून खरी ठरत नाही, कारण ज्याचा फोन आधी बिघडला त्याच्या नावाने ती पुढे जाते. पीएम किसानचे पान pmkisan.gov.in आहे, तेवढेच उघडा. आणि कोणी ‘केवायसी’ म्हणून मशीनवर अंगठा लावायला सांगितले तर आधी विचारा, कशासाठी? त्याच अंगठ्याने खात्यातून पैसेही काढता येतात. अंगठा लावला तर चिठ्ठी घ्या आणि खात्यात किती शिल्लक आहे ते बघा.

पैसे गेलेच तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात. जितक्या लवकर फोन जाईल तितकी ते मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी जाऊन विचारू म्हणालात तर तोवर ते एटीएममधून काढलेले असतात. तक्रार क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय पुढे पाठपुरावा होत नाही.

भाषण इथे संपते.

सरपंचताई, आता पंचायतीकडे काही मागणे आहे. कोणती सेवा, किती शुल्क, किती दिवस, अपील कोणाकडे, याचा फलक लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कार्यालयातला फलक कपाटाच्या मागे आहे. तो दारात, डोळ्यांच्या उंचीवर आणि मोठ्या अक्षरात लावावा. माझ्या केंद्राबाहेरचा मी या आठवड्यात नव्याने लिहून घेते.

दुसरे, केंद्रातला संगणक चालकाकडे तोंड करून असतो आणि समोर बसलेल्या माणसाला त्याची पाठ दिसते. त्याच्यासाठी दुसरा पडदा लावला तर ‘उत्पन्न’ या रकान्यात काय लिहिले जाते ते त्याला दिसेल. माझ्या केंद्रात मी तो स्वतःच्या खर्चाने लावणार आहे. पंचायतीच्या संगणकालाही एक लावावा, अशी विनंती आहे.

तिसरे, निकालानंतरचे दोन आठवडे शाळेतली संगणकाची खोली संध्याकाळी उघडी ठेवता आली तर बारावीची मुले शेजाऱ्यांचे फोटो-कागद योग्य आकारात करून देतील. मुख्याध्यापकांशी बोलायला मी आपल्यासोबत येईन.

महिला सभेची तारीख ठरली की कळवावी. येताना प्रत्येकीने आपला फोन आणि आधारकार्ड आणावे, असे दवंडीत सांगावे. आधारला कोणाचा नंबर आहे ते तिथेच पाहून घेऊ.

आपली,
गावातील आपले सरकार सेवा केंद्राची चालक