उशिरा येणाऱ्या कामगाराला पत्र लिहिताय? आधी विशेषणं खोडा

ताकीदपत्राचा व्हिडिओ टाकल्यावर आपल्याच भागातल्या एका दुकानदाराने मला त्याचं पत्र पाठवलं. स्ट्रॉबेरी, जॅम, क्रश आणि चणे विकणारं दुकान आहे. नाव-गाव सांगत नाही, पण पत्र त्याच्या परवानगीने देतोय, कारण असं पत्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

"तुम्हाला अनेकदा सांगूनही तुम्ही नेहमी उशिरा येता. तुम्हाला कामाची किंमत नाही व जबाबदारीची जाणीव अजिबात नाही. तुमच्यामुळे बाकीची मुलंही बिघडत आहेत. ही शेवटची ताकीद समजावी. यापुढे उशीर झाल्यास काहीही न सांगता कामावरून काढण्यात येईल."

आणि हे पत्र त्याला स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं होतं. "बाकीच्यांनाही धडा मिळेल," असं त्याचं म्हणणं.

माझं मत स्पष्ट आहे. हे पत्र कडक वाटतं, पण ते कच्चं आहे. उद्या हा वाद कामगार अधिकाऱ्यापुढे गेला, तर पहिला प्रश्न येईल, कधी उशीर झाला आणि किती? पत्रात एकही तारीख नाही. "अनेकदा सांगितलं" म्हणजे कधी, तेही नाही. आहे ते फक्त त्या मुलाच्या स्वभावाबद्दलचं मालकाचं मत, आणि स्वभाव काही सिद्ध करता येत नाही. मोठ्या कारखान्यांना लागू होणाऱ्या आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणं हे गैरवर्तनाच्या यादीत आहे. आपल्या छोट्या दुकानाला ते आदेश लागू नसतात, पण त्यातला 'सवयीने' हा शब्द लक्षात ठेवा. सवय दाखवायची तर तारखाच लागतात.

सुदैवाने या दुकानदाराच्या मस्टरमध्ये नुसतं 'हजर' न लिहिता आल्याची वेळ लिहायची पद्धत होती. तुमच्याकडे ती नसेल तर आजपासून सुरू करा आणि महिनाभर थांबा. मागच्या तारखा आठवून भरू नका. एकाच पेनाने एका बैठकीत भरलेलं मस्टर बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

आम्ही मस्टर उघडलं. कामाची वेळ 9 ते 6, मध्ये एक तास सुट्टी. जानेवारीत सहा उशीर निघाले:

3 तारीख, शनिवार, 9:35
4 तारीख, रविवार, 9:40
8 तारीख, गुरुवार, 9:20
10 तारीख, शनिवार, 9:50
16 तारीख, शुक्रवार, 9:25
18 तारीख, रविवार, 9:40

वार लिहिले आणि चित्रच बदललं. सहापैकी चार उशीर शनिवार-रविवारचे. मुलगा पाचगणीहून एसटीने येतो. सीझनमध्ये वीकेंडला त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे मुलगा आळशी आहे म्हणून नाही, तर चारदा तरी बस अडकली म्हणून उशीर झाला असणार. पण लगेच विरघळूही नका. रांग दर वीकेंडला लागते हे त्यालाही माहीत आहे, आणि माल सकाळी येतो तेव्हा क्रेटमधली फळं निवडून पनेटमध्ये भरायला माणूस नेमका त्याच दोन दिवशी हवा. शिवाय गुरुवार आणि शुक्रवारचा उशीर रांगेने समजत नाही. तो त्यालाच विचारावा लागेल.

आता पैशाचं. 'तीन लेट म्हणजे हाफ डे कट' ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. हिशोब करून बघा. पगार 15,600, दिवस 26, म्हणजे रोजचे 600 आणि तासाचे 75. सहा उशिरांची बेरीज 210 मिनिटं, म्हणजे साडेतीन तास, म्हणजे 262 रुपये 50 पैसे. हाफ डेच्या नियमाने कापाल 600. वेतन संहिता, 2019 सांगते की गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच हवी. त्याहून जास्त कापलं की तो दंड होतो. दंडाला वेगळे नियम आहेत: कशासाठी दंड हे आधी मंजूर करून लावलेलं असावं, कामगाराला म्हणणं मांडू द्यावं, आणि त्या पगाराच्या 3 टक्क्यांपुढे जाऊ नये. छोट्या दुकानात कोणीच हे करत नाही, त्यामुळे मी म्हणतो, दंडाच्या नादी लागू नका.

मग पत्र असं झालं:

"दि. 20 जानेवारी. विषय: कामावर उशिरा येण्याबाबत लेखी ताकीद.
तुमच्या नेमणूक पत्रानुसार कामाची वेळ सकाळी 9 आहे. मस्टरमधील नोंदीनुसार खालील सहा दिवशी तुम्ही उशिरा आलात. (वरच्या तारखा, वार, वेळा.) 9 जानेवारी रोजी याबाबत आपलं तोंडी बोलणं झालं होतं. त्यानंतर तीन वेळा उशीर झाला आहे. शनिवार-रविवारी सकाळी माल निवडून भरण्याचं काम त्यामुळे अडतं.
या उशिरांची कारणं व तुमची अडचण 23 जानेवारीपर्यंत लेखी कळवावी. एसटीच्या वेळेची अडचण असल्यास वीकेंडला आधीची गाडी किंवा वेळेतील बदल यावर आपण बोलू.
आजपासून 30 दिवस ठरलेल्या वेळेवर येणं अपेक्षित आहे. उशीर होणार असेल तर 9 च्या आधी फोन करावा. या काळात समाधानकारक कारणाशिवाय पुन्हा उशीर झाल्यास तुमचं म्हणणं ऐकून पुढील कारवाईचा निर्णय घेतला जाईल."

खाली मालकाची सही, आणि कामगाराच्या सहीशेजारी "पत्र मिळालं" एवढंच. "चूक मान्य" असं तिथे लिहून घेऊ नका. मिळाल्याची सही माणूस सहज करतो, कबुलीची करत नाही, आणि मग भांडण सहीवरून सुरू होतं. सही नाकारलीच तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून प्रत स्पीड पोस्टने घरच्या पत्त्यावर पाठवा.

'शेवटची ताकीद' आम्ही काढून टाकली, कारण ही पहिलीच लेखी होती. 'काहीही न सांगता काढू' हेही गेलं. भर सीझनमध्ये दुसरा माणूस मिळणार कुठे? मालकाला हे माहीत असतं आणि मुलालाही. जे करणार नाही ते लिहिलं की त्या पत्राचं वजन तिथेच संपतं.

रोज 'ए, क्रेट उचल' म्हणणारा मालक पत्रात 'आपणांस कळविण्यात येते की' लिहायला लागला की ते टोमण्यासारखं वाचलं जातं. 'तुम्ही' पुरेसं आहे. पत्र ग्रुपवर नाही, हातात द्यायचं, गिऱ्हाईक नसताना, मागच्या खोलीत. सोमवार-मंगळवार बरा. आणि एक अवघड गोष्ट: तुमचा भाचा त्याच दुकानात रोज साडेनऊला येत असेल आणि त्याच्या नावावर एकही नोंद नसेल, तर हे पत्र देऊच नका. आधी भाच्याची वेळ लिहायला लागा.

तीस दिवस नीट गेले तर फाईलमधल्या त्याच पत्राखाली "यानंतर उशीर नाही" असं लिहून तारीख टाका, सही करा, आणि ती ओळ त्यालाही दाखवा.