रिकामं डीमॅट खातंही दरवर्षी पैसे का खातं? ते थांबवायचं कसं?

एखाद्या आयपीओसाठी डीमॅट खातं उघडलं, शेअर्स मिळाले नाहीत आणि मोबाइलमधून ॲप काढून टाकलं. असं केलेल्या अनेकांना दोन-तीन वर्षांनी ईमेल किंवा एसएमएस येतो: 'आपल्या खात्यात थकबाकी आहे.' खात्यात एकही शेअर नाही, मग थकबाकी कसली?

ही थकबाकी असते वार्षिक देखभाल शुल्काची, म्हणजेच एएमसीची. देशातल्या डीमॅट खात्यांची संख्या 2025 मध्ये 20 कोटींच्या पुढे गेली. पण हा आकडा खात्यांचा आहे, माणसांचा नाही. एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती असणं आता नेहमीचं झालं आहे आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

ॲप काढलं म्हणजे खातं बंद होतं का?

नाही. डीमॅट खातं एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असतं. बँक किंवा ब्रोकर हा त्यांचा प्रतिनिधी, म्हणजे डीपी असतो. लेखी किंवा ऑनलाइन अर्ज देऊन खातं बंद केलं जात नाही तोवर त्याची नोंद चालू राहते आणि डीपी शुल्क आकारत राहतो. हे शुल्क सहसा ट्रेडिंग खात्याच्या लेजरमध्ये नावे टाकलं जातं. तिथे पैसे नसतील तर शिल्लक उणे होते आणि काही ब्रोकर त्यावर विलंब शुल्कही लावतात.

शून्य शुल्काचं खातं कुणाला मिळतं?

छोट्या गुंतवणूकदारांसाठी सेबीने 2012 मध्ये बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट, म्हणजे बीएसडीए आणलं. 1 सप्टेंबर 2024 पासून त्याची मर्यादा वाढवण्यात आली. आता खात्यातल्या शेअर्स, बाँड वगैरेंची एकूण किंमत 4 लाख रुपयांपर्यंत असेल तर एएमसी शून्य असते. 4 लाखांच्या वर आणि 10 लाखांपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त 100 रुपये, अधिक जीएसटी. 10 लाखांच्या पुढे गेल्यास खातं नेहमीच्या शुल्काच्या प्रकारात जातं. ही किंमत रोजच्या बंद भावावरून मोजली जाते. त्यामुळे बाजार वर गेल्यानेही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

पण याला एक महत्त्वाची अट आहे. एकमेव किंवा पहिला धारक म्हणून त्या व्यक्तीच्या नावावर दोन्ही डिपॉझिटरी मिळून एकच डीमॅट खातं असलं पाहिजे. पत्नीच्या खात्यात पती दुसरा धारक असेल तर ते पतीच्या नावावर मोजलं जात नाही. पण स्वतःच्या नावावरचं विसरलेलं, रिकामं खातं मात्र मोजलं जातं.

म्हणजे रिकामं खातं दुहेरी नुकसान करतं. ते स्वतःचं शुल्क तर लावतंच, शिवाय वापरातल्या खात्याची सवलतही अडवतं.

एक उदाहरण

समजा, नाशिकच्या एका नोकरदाराची दोन खाती आहेत. पहिलं बँकेतलं, रिकामं, एएमसी 700 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून 826. दुसरं ब्रोकरकडचं, त्यात 2 लाख 60 हजारांचे शेअर्स, एएमसी 300 रुपये, जीएसटीसह 354. म्हणजे वर्षाला एकूण 1,180 रुपये जातात.

बँकेने दोन वर्षांचं शुल्क एप्रिलमध्ये आगाऊ आकारलं, पण ते भरलं गेलेलं नाही. थकबाकी झाली 1,652 रुपये. ती भरून त्याने ऑगस्टमध्ये खातं बंद केलं. आता त्याच्या नावावर एकच खातं उरलं आणि त्यातली रक्कम 4 लाखांच्या आत आहे. ब्रोकरला कळवल्यावर ते बीएसडीए होऊ शकतं. पुढच्या वर्षापासून त्याची एएमसी शून्य.

त्याला थोडे पैसे परतही मिळू शकतात. सेबीच्या 2010 च्या परिपत्रकानुसार आगाऊ घेतलेल्या एएमसीपैकी उरलेल्या तिमाह्यांची रक्कम खातं बंद करताना परत करावी लागते. सुरू असलेली तिमाही पूर्ण धरली जाते. एप्रिल ते मार्च असं वर्ष असेल तर जुलै-सप्टेंबर ही तिमाही वापरलेली मानून उरलेल्या दोन तिमाह्यांचे, म्हणजे 700 पैकी 350 रुपये मागता येतात. अनेक जण ते मागतच नाहीत.

आधी काय करायचं?

पहिलं काम म्हणजे आपली खाती किती आहेत ते शोधणं. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रात, म्हणजे सीएएसमध्ये पॅनशी जोडलेली सगळी डीमॅट खाती दिसतात. व्यवहार झाला असेल तर ते दर महिन्याला येतं, नाहीतर सहामाही.

मग ज्या खात्यातून बाहेर पडायचं आहे त्याचं लेजर मागवायचं. शुल्क कोणत्या वर्षाचं, विलंब शुल्क किती, हे त्यात ओळीओळीने दिसतं. चुकीची नोंद असेल तर ती पैसे भरण्याआधी लेखी कळवावी. थकबाकी राहिली तर बंद करण्याचा अर्ज सहसा तिथेच अडकतो. योजना बदलल्याने जुनी थकबाकीही माफ होत नाही. बीएसडीएचा फायदा पुढच्या काळासाठीच असतो.

खात्यात शेअर्स असतील तर?

ते विकायची गरज नाही. नव्या डीपीकडून क्लायंट मास्टर लिस्ट घ्यायची आणि जुन्या डीपीकडे बंद करण्याच्या अर्जासोबत जोडायची. दोन्ही खात्यांतले धारक आणि त्यांचा क्रम तोच असेल, तर सगळे शेअर्स हलवून खातं बंद करण्यासाठी शुल्क घेता येत नाही. ही विक्री नसल्याने भांडवली नफ्यावरचा करही लागत नाही. संयुक्त खातं असेल तर अर्जावर सगळ्या धारकांच्या सह्या लागतात आणि न वापरलेल्या डीआयएस स्लिप परत द्याव्या लागतात.

अर्ज बहुतेक दोन कारणांनी परत येतो: सही जुळत नाही किंवा शेअर्स तारण ठेवलेले असतात. तारण आधी सोडवून घ्यावं लागतं. व्यवहार गोठवलेल्या कंपनीचे शेअर्स मात्र हलवता येत नसतील तर खातं शून्य होत नाही आणि बंदही होत नाही. अशा वेळी बाकीचे शेअर्सही त्याच खात्यात आणून ते एकमेव खातं बीएसडीए करणं हा एक मार्ग उरतो.

बंद झालं हे कसं कळणार?

'विनंती मिळाली' हा मेसेज म्हणजे खातं बंद झालं असं नाही. खातं बंद झाल्याची पुष्टी जपून ठेवावी आणि पुढच्या सीएएसमध्ये ते खातं दिसतं का ते पाहावं. त्यानंतरच उरलेल्या खात्याच्या डीपीला बीएसडीएसाठी कळवावं. आधी कळवलं तर तपासणीत दोन खाती दिसतात आणि विनंती नाकारली जाते.

पात्र खात्यांचं बीएसडीएमध्ये रूपांतर करणं हे डीपीचंच काम आहे. ग्राहकाने नेहमीच्या खात्याला संमती दिली असेल तर मात्र ते होत नाही. पात्र असूनही शुल्क लागत असेल तर आपण अशी संमती दिली होती का, हा पहिला प्रश्न डीपीला विचारावा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर scores.sebi.gov.in वर तक्रार करता येते.